अलर्ट हिरवा होता, तरी सोयाबीन भिजलं

वाचकाचं पत्र

मी हातकणंगले तालुक्यातला शेतकरी, वय ५८. चार एकर रान. दोन एकर सोयाबीन, बाकी ऊस. पोरगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं मोठा फोन घेऊन दिला, हवामानाची आणि बाजारभावाची ॲप घालून दिली आणि म्हणाला, आता बघून काम करत जावा. सप्टेंबरच्या शेवटी पिवळा अलर्ट आला म्हणून कापणी थांबवली, तर थेंब पडला नाही. ऑक्टोबरात सगळं हिरवं बघून एक एकर कापलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि कापलेलं भिजलं. मग ॲपवर सांगलीचा भाव ४,६०० दिसत असताना गावातल्या व्यापाऱ्यानं मशीन लावून ओल १७ सांगितली आणि ३,९५० नं १२ क्विंटल माल घेतला. शेजारी हसतात. पोरगा म्हणतो, तुम्हाला वापरता येत नाही. फोन खोटा, व्यापारी खोटा, का मीच अडाणी? पुढच्या वर्षी हे बघावं का सोडून द्यावं? भाव बघितला तेव्हाच्या स्क्रीनचा फोटो सोबत पाठवलाय.

– एक शेतकरी

उत्तर

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटोही मोठा करून पाहिला. खोटं बोलणारं त्यात मला कुणी सापडलं नाही, आणि अडाणी तर अजिबात नाही. अलर्ट तुमच्या सोयाबीनबद्दल काही सांगतच नव्हता, आणि स्क्रीनवरचा भाव तुमच्या मालाचा नव्हता. चिरंजीवांनी ॲप घालून दिली, पण ती नेमकं काय सांगतात हे सांगायचं राहून गेलं. पुण्यात बसून ते सांगणं अवघडच.

आधी हिरव्याचं बघू. हवामान खात्याचे चार रंग म्हणजे पाऊस पडेल की नाही याचं उत्तर नव्हे. धोका किती आणि तुम्ही काय तयारी ठेवावी, हे ते रंग सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. हिरवा म्हणजे इशारा देण्याजोगं काही नाही, एवढंच. आता इशारा देण्याजोगा पाऊस किती, तर खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर त्याला जोरदार पाऊस म्हणायचं. त्याच्या खाली १५.६ पासून मध्यम, आणि त्याहून कमी तो हलका. तुमच्या कापलेल्या सोयाबीनवर त्या दुपारी १०-१२ मिलिमीटर पडला असेल, तर खात्याच्या लेखी तो हलका पाऊस झाला. हिरवा रंग बरोबर ठरला आणि तुमचं सोयाबीनही भिजलं. त्या रंगाला पूर, दरड, तुंबलेला रस्ता यांची काळजी असते. जमिनीवर पसरलेल्या शेंगांची नसते.

पिवळ्याचं कोडंही असंच सुटतं. इशारा निघतो तो जिल्ह्याच्या नावानं, आणि आपला जिल्हा एकसारखा नाही. गगनबावड्यात वर्षाला जेवढा पाऊस पडतो, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा शिरोळला पडतो. हातकणंगले त्या कोरड्या बाजूला. हल्ली बऱ्याचदा कोल्हापूरचा घाट भाग वेगळा धरून इशारा देतात, पण फोनवर येणाऱ्या ओळीत नुसतं 'कोल्हापूर' वाचलं जातं आणि 'घाट' हा शब्द नजरेतून सुटतो. शिवाय बातमीत 'तुरळक ठिकाणी' असं असेल, तर त्याचा अर्थ पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यात पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. तुरळकचा इशारा वाचून तुमच्या रानात थेंब न पडणं हीच जास्त शक्यता होती.

(घाटाचा इशारा तुमच्या सोयाबीनच्या कामाचा नाही म्हणून टाकून मात्र देऊ नका. नदीकाठी मोटार असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये तोच इशारा सगळ्यात कामाचा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे आणि मग धोक्याच्या ४३ फुटांकडे सरकते. तुमच्या शिवारात ऊन असलं तरी पाणी वर येतं. मोटारी काढायच्या त्या घाटाचा अंदाज बघून, आपल्या डोक्यावरचं आभाळ बघून नव्हे.)

मग कापणीसाठी बघायचं काय? रंग बाजूला ठेवा आणि मिलिमीटरचा आकडा बघा. 'मेघदूत' ॲपमध्ये जिल्हा निवडला, की पुढच्या पाच दिवसांचा दिवसागणिक पावसाचा आकडा, तापमान, आर्द्रता आणि वारा दिसतो. पिकाचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. शिरोळ तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं हे कसं शिकून घेतलं ते सांगतो, कारण तेही तुमच्याच वयाचे आणि त्यांनाही फोन पोरानंच दिलेला.

त्यांनी पहिल्या हंगामात ॲप बघून एकही काम केलं नाही. उभ्या काठाचा एक डबा गोठ्यापासून लांब, उघड्यावर खांबाला बांधला आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी मोजायचं ठरवलं. सरळ काठाच्या डब्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. वेळ साडेआठचीच, कारण खातंही सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असाच पाऊस मोजतं. म्हणूनच सरकारी नोंदीत पाच तारखेपुढे दिसणारा पाऊस बहुतेक चार तारखेला पडलेला असतो. ही गोष्ट माहीत नसली की अंदाज एक दिवसानं चुकला असं वाटत राहतं. पोराच्या जुन्या वहीत ते दोन रकाने लिहायचे: ॲपनं काय सांगितलं, डब्यात काय आलं.

पावसाळा सरता सरता त्यांच्या लक्षात आलं की उद्या-परवाचा अंदाज बऱ्यापैकी जमतो, तिसऱ्या दिवसाचाही चालतो, चौथ्या-पाचव्याचा मात्र बदलत राहतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुलैतला पाऊस आणि परतीचा पाऊस वेगळे. जुलैत ढगांची चादर सगळ्या जिल्ह्यावर असते, म्हणून आकडा साधारण जुळतो. ऑक्टोबरात सकाळी कडक ऊन, दुपारी दोन-तीनला ढग वर चढतात, चारच्या सुमारास गडगडाट, आणि एका गावात धो धो तर बांधापलीकडच्या गावात धूळ. असा पाऊस कोणत्या दिवशी होऊ शकतो हे आधी सांगता येतं. कोणत्या गावात होईल हे दोन दिवस आधी कोणतंच ॲप सांगू शकत नाही. फोनवर तुमच्या गावाचं नाव झळकतं म्हणून तो अंदाज तुमच्या गावात बसून काढलेला नसतो. कित्येक किलोमीटरच्या चौकोनाचा तो आकडा असतो, आणि त्या चौकोनात तुमच्यासारखी बरीच गावं येतात.

पुढच्या ऑक्टोबरात त्यांचं दोन एकर सोयाबीन पिकलं. पानं गळाली, शेंगा तपकिरी झाल्या. शुक्रवारच्या अंदाजात शनिवार-रविवार शून्य, सोमवार ३, मंगळवार १८, बुधवार २५ असं होतं. त्यांनी उलटं मोजलं. कापल्यावर दोन दिवस तरी चांगलं ऊन लागतं, मग मळणी. म्हणजे कापणीच्या दिवसासकट तीन दिवस कोरडे हवेत. ते तीन दिवस शनिवार, रविवार, सोमवार. पण सोमवारचा ३ हा आकडा त्यांना खटकला. दुपारच्या पावसाच्या दिवसांत ३ म्हणजे सगळीकडे रिमझिम नव्हे. चौकोनात कुठेतरी जोराची सर आणि बाकीकडे काहीच नाही, त्याची ती सरासरी असते.

त्यांनी शनिवारी एकच एकर कापलं, जे आधी पिकलं होतं ते. दुसरं उभं ठेवलं. पिकलेलं उभं सोयाबीन एखादी सर सोसतं. वाऱ्यानं आणि उन्हानं शेंग पुन्हा वाळते. कापून जमिनीवर पडलेलं सोसत नाही, खालच्या शेंगा ओल धरतात, दाणा काळवंडतो, दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर कोंब फुटतात. उभं ठेवण्यातही धोका आहेच. आठ-दहा दिवस लांबलं तर उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. पण चार दिवस थांबण्यानं तेवढं नुकसान होत नाही.

मळणी मशीनवाल्याला त्यांनी शुक्रवारीच सोमवार सकाळचं सांगून ठेवलं. मशीन आलं दुपारी एकला, ते येणारच होतं उशिरा. अर्धं काम झालं तेव्हा पश्चिमेला ढग चढले. इथं वेगळी सोय कामाला आली. हवामान खातं पुढच्या तीन तासांसाठी तातडीचा इशारा काढतं, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडत असेल तर सांगतं. दामिनीत त्यांच्या गावाच्या पश्चिमेला विजा दिसायला लागल्या, तशी त्यांनी मळणी थांबवली, उरलेली गंजी ताडपत्रीनं झाकली, कडेला माती लावली आणि सगळे घरात आले. वीज जवळ आल्यावर ताडपत्री ओढत बसायचं नाही आणि झाडाखाली तर उभं राहायचंच नाही. पाच क्विंटल सोयाबीन गेलं तरी चालेल. त्या संध्याकाळी डब्यात आलं ९ मिलिमीटर. शेजारच्या गावात त्याहून कितीतरी जास्त झाला. राहिलेली मळणी मंगळवारी सकाळी ऊन आल्यावर, पुन्हा ढग यायच्या आत उरकली. दुसरं एकर त्यांनी आणखी तीन कोरडे दिवस दिसेपर्यंत उभं ठेवलं आणि मग कापलं.

यात तुम्ही घेण्याजोगी एक सवय आहे. एकाच दिवसाचा अंदाज दोन वेळा बघायचा. मंगळवारचा आकडा शुक्रवारी १८ आणि शनिवारीही १८-२० असेल तर त्यावर भरवसा ठेवावा. शुक्रवारी १८ आणि शनिवारी २ झाला, तर अजून कशाचं काही खरं नाही असं समजावं आणि थोडं रान कापून बाकी थांबवावं. काही ॲप मिलिमीटरऐवजी टक्के दाखवतात. ४० टक्के म्हणजे निम्म्यापेक्षा कमी पाऊस पडेल असं नाही. अशा दहा दिवसांपैकी चार दिवस पाऊस होतो, एवढाच त्याचा अर्थ. ऊस लावणीला ४० टक्क्यांचं काही वाटायला नको. कापून पसरलेल्या सोयाबीनला ४० टक्के फार झाले.

आता भावाकडे येऊ, कारण शेजारी बहुतेक त्यावरूनच जास्त हसले असतील.

तुमच्या फोटोत ४,६०० ठळक दिसतो. पण त्या ओळीत एकूण तीन आकडे आहेत. किमान ३,९००, कमाल ४,६००, सर्वसाधारण ४,३५०. तुम्ही वाचला तो कमाल दर. दिवसभरातल्या सगळ्यात चांगल्या ढिगाला तो मिळालेला असतो, तो ढीग चार पोत्यांचाही असू शकतो. जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण. हिशेब नेहमी त्यावर करायचा. तारीखही बघा, तुमच्या फोटोत ती दोन दिवस आधीची आहे. बाजार समित्या भाव भरतात तेव्हा तो ॲपवर चढतो, एखाद्या दिवशी भरलाच नाही तर जुनाच दिसत राहतो. आणि आवक किती ते बघा. दहा-वीस क्विंटल आवकेचा भाव म्हणजे बाजार नव्हे.

ओलीचा हिशेब कुणी नीट मांडून दाखवत नाही, म्हणून तो सावकाश करू. बाजारातला चांगला भाव १२ टक्के ओलीच्या मालाला धरलेला असतो. तुमचा माल १७ चा. १०० किलोत १७ किलो पाणी, म्हणजे कोरडा ऐवज ८३ किलो. हाच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर ८३ ला ०.८८ नं भागायचं, येतात सुमारे ९४.३ किलो. म्हणजे क्विंटलमागे पावणेसहा किलो घट ही वाजवी. ४,३५० च्या भावानं तुमच्या ओल्या क्विंटलची किंमत होते साधारण ४,१००. आता सांगलीला न्यायचं तर टेम्पो आला. १२ क्विंटलला दीड हजार भाडं धरलं तर क्विंटलला १२५ रुपये, वर हमाली-तोलाई ३५ च्या आसपास. हाती राहतात ३,९४० रुपये. व्यापाऱ्यानं दिले ३,९५०, तेही घरच्या दारात.

म्हणजे व्यापाऱ्यानं तुम्हाला लुबाडलं नाही. हे वाचून बरं वाटलं नसेल, पण आकडे तसंच सांगतात. भाडं आणि हमाली मी अंदाजानं धरली आहे, तुमच्याकडचे खरे आकडे घालून बघा. पुढच्या वेळी तपासायचं ते वेगळंच. ओलीच्या नावानं पावणेसहा किलोऐवजी आठ-दहा किलो कापले का, वर पोत्यामागे कडता लावला का, आणि ओल मोजताना दाणे पोत्याच्या वरून घेतले की मधून. मशीनचा आकडा स्वतः बघायचा, आणि शंका आली तर तोच माल दुसऱ्याच्या मशीनवर मोजायचा.

तुमच्या मनात येईल, मग घरी वाळवून दिला असता तर? १२ क्विंटल वाळून ११.३ क्विंटल उरतो. ४,३५० नं त्याचे ४९,२०० होतात, टेम्पो-हमाली वजा जाता ४७,३०० राहतात. व्यापाऱ्याकडून तुम्हाला मिळाले ४७,४००. अंगणात पसरून, राखण करून, पोती भरून फायदा शून्य. नुसत्या बाजारासाठी वाळवायची घाई करू नका, हे माझं मत. मालाला वास येत असेल किंवा साठवून ठेवायचा असेल तर मात्र वाळवलाच पाहिजे; १७ टक्क्यांवर पोत्यात भरलेलं सोयाबीन आतून गरम होतं आणि बुरशी धरतं.

वाळवण्याचे पैसे मिळतात ते सरकारी हमीभाव केंद्रावर. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि तिथं ओलीची अट साधारण १२ टक्क्यांची असते. तोच ११.३ क्विंटल माल तिथं गेला असता तर ६०,२०० रुपये झाले असते, म्हणजे तिथवरचं भाडं न धरता १२,८०० जास्त. १७ ओलीचा माल केंद्रावरून परत आला असता, हेही खरं. आणि पैसे हातात यायला व्यापाऱ्यापेक्षा वेळ लागतो. दिवाळीची उचल फेडायची असेल तर हाही हिशेब धरावा लागतो.

पण त्या केंद्राचं दार उघडतं ते भावाच्या ॲपनं नाही, 'ई-पीक पाहणी' नावाच्या ॲपनं. खरिपात ठरलेल्या मुदतीत रानात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद केली, तरच सातबाऱ्यावर सोयाबीन चढतं. तो सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन हमीभावासाठी आधी नोंदणी करावी लागते. सातबाऱ्यावर मागच्या वर्षीचा ऊसच दिसत असेल तर केंद्रावर उभं राहून काही उपयोग नाही. तालुक्यात केंद्र कुठं आहे, एकरी किती माल घेतात आणि नोंदणी कधी सुरू होते, हे सप्टेंबरातच तालुक्याच्या खरेदी-विक्री संघात जाऊन विचारा. दिवाळीच्या तोंडावर विचारलं तर बहुधा रांगच बघायला मिळते. तुमच्या फोनवर एकच ॲप ठेवायचं असं कुणी म्हणालं, तर मी हवामान आणि बाजारभाव दोन्ही काढून हे ठेवीन.

चिरंजीवांशी बोलताना भांडू नका. त्यांना एक काम सांगा: पुढच्या सुट्टीला आले की फोनवर बसून तीन गोष्टी करून द्यायच्या. मेघदूतमध्ये मराठी भाषा आणि कोल्हापूर जिल्हा पक्का करायचा. दामिनीला ठिकाण बघण्याची परवानगी देऊन तिचा आवाज सुरू ठेवायचा, कारण हा इशारा वाचायचा नसतो, ऐकायचा असतो. आणि बाजारभावाच्या ॲपमध्ये सांगलीबरोबर तुमच्या जवळच्या आणखी एक-दोन बाजार समित्या निवडून ठेवायच्या, म्हणजे एकाच बाजाराच्या कमाल दरावर नजर अडकणार नाही. हवामानाची बाकीची चार-पाच ॲप काढून टाकली तरी चालतील. एकाच आभाळाचे पाच अंदाज बघितले की माणूस आपल्याला हवा तोच खरा धरतो.

आणि शेजाऱ्यांचं म्हणाल, तर जूनमध्ये खांबाला डबा बांधा आणि वही घाला. पहिल्या मोठ्या पावसानंतर तुमच्याकडे किती झाला हे विचारायला तेच येतील. आकडा सांगा, पण ओल १७ ची पावणेसहा किलो घट कशी काढतात तेही त्यांना कागदावर मांडून दाखवा, कारण तुमच्या गल्लीत त्याच व्यापाऱ्याला माल घालणारे तेही असणार.